रिझोल्युशन सोडा, टेप काढा

तुमच्या टेबलावर एकापेक्षा जास्त स्क्रीन असतील, तर त्या एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या नसणार, हे मी पैजेवर सांगतो. आमच्या रिठदमध्ये तरी मी तसं टेबल पाहिलेलं नाही. इथे स्क्रीन एकेक करून जमते. आधी कॉलेजसाठी लॅपटॉप येतो. मग लग्नाचे अल्बम करायला घेतले की २४ इंची मॉनिटर येतो. आणि कुठलातरी कॉम्प्युटर क्लास बंद पडला की तिथला चौकोनी १७ इंची डबा चार पैशात घरी येतो. माझं टेबल असंच आहे. तुमचंही थोड्या फार फरकाने असंच असेल.

मग एक दिवस हौस येते. तिन्ही स्क्रीनवर मिळून एकच फोटो लावायचा. मला लोणारचा लावायचा होता. सरोवराच्या काठावर उभं राहून मोबाइलने काढलेला लांबलचक पॅनोरमा. लावला. आणि शेजारचा मित्र खुर्चीच्या मागे उभा राहून म्हणाला, ‘‘अबे, हे तळं असं मोडल्यावानी काऊन दिसून राह्यलं?’’

खरंच मोडलं होतं. डाव्या स्क्रीनवरचा काठ मधल्या स्क्रीनवर येताना थोडा वर चढत होता आणि मधल्यावरून लॅपटॉपवर जाताना धाडकन वीतभर खाली पडत होता. शिवाय लॅपटॉपवरची झाडं मधल्या स्क्रीनवरच्या झाडांपेक्षा बुटकी.

यावर सल्ला कुणालाही विचारा, एकच मिळतो. ‘रिझोल्युशन वेगवेगळं आहे ना, म्हणून होतं. तीन सारखे मॉनिटर घे.’ माझं म्हणणं असं, की हा सल्ला महागडा तर आहेच, पण चुकीचाही आहे. दोष रिझोल्युशनचा नाही. आपण फोटो पिक्सेलमध्ये मोजतो आणि बघतो मात्र सेंटिमीटरमध्ये, दोष तिथे आहे.

माझ्याच टेबलाचे आकडे घ्या. डावीकडे चौकोनी १७ इंची, रिझोल्युशन १२८० बाय १०२४. मधे २४ इंची, १९२० बाय १०८०. उजवीकडे १५.६ इंची लॅपटॉप, तोही १९२० बाय १०८०. म्हणजे सल्ल्याप्रमाणे मधला आणि लॅपटॉप यांचं जमायला हवं, कारण रिझोल्युशन एकच. आणि बिघाड चौकोनी डब्याने करायला हवा. झालं होतं नेमकं उलटं. डबा जवळपास जुळत होता, लॅपटॉपच फुटला होता.

आता टेप घ्या. शिंप्याची असो की सुताराची, चालेल. प्लास्टिकची चौकट सोडून फक्त उजेड देणारा भाग मोजा. माझा डबा ३३.८ बाय २७ सेंटिमीटर. मधला ५२.७ बाय २९.६. लॅपटॉप ३४.४ बाय १९.४. मग रुंदीतले पिक्सेल भागिले रुंदीचे सेंटिमीटर करा. डब्यावर एका सेंटिमीटरमध्ये साधारण ३८ पिक्सेल बसतात, मधल्यावर ३६ आणि लॅपटॉपवर ५६. सापडला की नाही चोर? डबा आणि मधला हे चुलतभाऊ निघाले. लॅपटॉपचे पिक्सेल मात्र इतके बारीक, की मधल्या स्क्रीनवर ५३ सेंटिमीटर पसरणारं चित्र तो साडेचौतीस सेंटिमीटरमध्ये कोंबतो. झाडं बुटकी होणारच.

आमच्याकडे फ्लेक्सवाल्याला हे शिकवावं लागत नाही. वाढदिवसाचा बोर्ड सांगायला गेलात तर तो पहिला प्रश्न ‘किती बाय किती?’ असा विचारतो, आणि उत्तर फुटात घेतो. पिक्सेलचं तो नंतर बघतो. कॉम्प्युटरसमोर बसलं की आपणच हा साधा प्रश्न विसरतो.

विंडोज काय करतं, तेही समजून घ्या. Background मध्ये `Span` नावाचा पर्याय आहे. तो निवडला की विंडोज तिन्ही स्क्रीन एकमेकींना चिकटवून एक मोठा आयत बनवतं. माझ्या बाबतीत १२८० अधिक १९२० अधिक १९२०, म्हणजे ५१२० पिक्सेल रुंद. Display मध्ये तिन्हींच्या वरच्या कडा एका रेषेत ठेवल्या असतील तर उंची १०८०. मग फोटो त्या आयतात पूर्ण भरेल इतका मोठा किंवा लहान केला जातो आणि जो भाग बाहेर राहील तो कापला जातो. आपला पॅनोरमा इतका चपटा नसतो. माझा साधारण सव्वातीनास एक या प्रमाणात होता. त्याच्या उंचीतला चौथ्या हिश्शाहून जास्त भाग असाच उडाला.

पण कापाकापीपेक्षा मोठा घोळ पुढे आहे. विंडोजला पिक्सेल माहीत असतात, टेबल माहीत नसतं. लॅपटॉप टेबलावर खाली टेकलेला आहे आणि मॉनिटर स्टँडवर उंच आहे, हे ते जमेतच धरत नाही. समजा सरोवराचा पलीकडचा काठ फोटोत वरून ५४० व्या पिक्सेलवर आहे. मधल्या स्क्रीनवर ही जागा वरच्या कडेपासून १४.८ सेंटिमीटर खाली येते. लॅपटॉपवर ती त्याच्या वरच्या कडेपासून ९.७ सेंटिमीटरवर येते. पण माझ्या लॅपटॉपची वरची कडच मुळात मधल्याच्या वरच्या कडेपेक्षा १५ सेंटिमीटर खाली आहे. बेरीज केली तर २४.७. म्हणजे काठ एका स्क्रीनवरून दुसरीवर जाताना दहा सेंटिमीटर कोसळला. मित्राच्या डोळ्याला खुपलं ते हेच.

काही जण Display मध्ये जाऊन लॅपटॉपचा चौकोन माउसने खालीवर सरकवतात. मीही एक अख्खी दुपार त्यात घालवली. काठाची रेषा एकदाची जुळते, पण झाडं बुटकी ती बुटकीच राहतात, आणि तिरकी प्रत्येक रेषा तुटते. वर माउसचा रस्ता बदलतो तो वेगळाच. जे कोडं सेंटिमीटरचं आहे ते पिक्सेल सरकवून सुटत नाही.

इथे मला एका शब्दावर भांडायचं आहे. ‘न ताणता, न कापता लावायचा’ असं आपण म्हणतो. न ताणता, हे बरोबर आहे. माणसाचं तोंड रुंद झालेलं किंवा तळं अंडाकृती झालेलं कुणाला आवडत नाही. पण ‘न कापता’ हा हट्ट चुकीचा आहे. घराच्या भिंतीला तीन खिडक्या आहेत असं समजा. एक चौकोनी, एक मोठी, एक खाली बसवलेली छोटी. बाहेर शेत आहे. दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीमागे बाभूळ येते. ती दिसत नाही, पण ती कापली असं आपण म्हणतो का? आपल्याला माहीत असतं, ती तिथेच आहे. मान जरा तिरकी केली तर दिसेल. मॉनिटर खिडकी आहे, चौकट भिंत आहे आणि फोटो बाहेरचं शेत आहे. एवढं एकदा डोक्यात बसलं की पुढचं काम सुतारकीचं आहे.

तर भिंत मोजू. तिन्ही स्क्रीनचे उजळ भाग मोजून झालेच आहेत. आता मधली अंतरं मोजा, पण उजळ भागापासून उजळ भागापर्यंत. डबा आणि मधला यांच्यात, दोन्ही चौकटी धरून, ३ सेंटिमीटर. मधला आणि लॅपटॉप यांच्यात २.४. सगळी रुंदी मिळून १२६.३ सेंटिमीटर. उंचीसाठी सगळ्यात वरची कड शून्य धरा. माझ्याकडे ती मधल्याची आहे. डब्याची वरची कड तिच्या २ सेंटिमीटर खाली, लॅपटॉपची १५ सेंटिमीटर खाली. लॅपटॉपची खालची कड येते ३४.४ वर, आणि तीच सगळ्यात खालची. म्हणजे आपली भिंत १२६.३ बाय ३४.४ सेंटिमीटरची.

आता प्रत्येक सेंटिमीटरला ६० पिक्सेल द्यायचे ठरवू. साठच का? लॅपटॉपला ५६ लागतात, त्याहून थोडे जास्त, आणि तोंडी गुणाकाराला सोपे. भिंतीचा फोटो झाला ७५७८ बाय २०६४ पिक्सेलचा. मोबाइलचा चांगला पॅनोरमा एवढा मोठा सहसा असतो. माझा ८००० बाय २४०० होता. जिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये Scale Image वापरून रुंदी ७५७८ केली, तर उंची आपोआप २२७३ झाली. २०९ पिक्सेल जास्तीचे. ते कुठून काढायचे हे मी ठरवलं, विंडोजने नाही. मी आभाळातून काढले. पाणी आणि झाडं जशीच्या तशी राहिली.

एक इशारा इथेच देतो, कारण आपल्याकडे हटकून हेच होतं. फोटो मित्राच्या मोबाइलमध्ये असतो आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. फोटो म्हणून टाकला की तो लहान होऊन येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा सरळ केबल लावा. फोटो पुरेल का, हे बघायला एकच भागाकार पुरतो. फोटोची रुंदी भागिले भिंतीचे सेंटिमीटर. चार हजार पिक्सेलचा फोटो माझ्या भिंतीवर सेंटिमीटरला ३२ देतो. डब्याला आणि मधल्याला तो जेमतेम चालेल, लॅपटॉपवर मात्र साफ धुरकट दिसेल. तेव्हा धुरकटपणा एकाच स्क्रीनवर दिसला तर ती खराब आहे असं समजू नका. तिचे पिक्सेल बारीक आहेत आणि फोटो तिला कमी पडतोय.

भिंत तयार झाली, आता खिडक्या पाडायच्या. प्रत्येक माप गुणिले ६०. डब्याची खिडकी डावीकडून ० आणि वरून १२० वर सुरू होते, आकार २०२८ बाय १६२०. मधली डावीकडून २२०८, वरून ०, आकार ३१६२ बाय १७७६. लॅपटॉपची डावीकडून ५५१४, वरून ९००, आकार २०६४ बाय ११६४. हे तीन तुकडे जिंपमध्ये हातानेही कापता येतात. मी इमेजमॅजिक वापरतो, कारण मापात चूक निघाली तर आकडा बदलून परत एंटर दाबलं की झालं. फोटोला wall.png नाव दिलं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये या तीन ओळी:

```
magick wall.png -crop 2028x1620+0+120 +repage -resize "1280x1024!" left.png
magick wall.png -crop 3162x1776+2208+0 +repage -resize "1920x1080!" middle.png
magick wall.png -crop 2064x1164+5514+900 +repage -resize "1920x1080!" right.png
```

पहिल्या चार आकड्यांत खिडकी आहे, तिची रुंदी, उंची, डावीकडून अंतर, वरून अंतर, याच क्रमाने. शेवटी त्या स्क्रीनचं स्वतःचं रिझोल्युशन आहे. बघा, रिझोल्युशन एवढ्या उशिरा आलं. तेवढंच त्याचं काम.

तो उद्गारवाचक म्हणजे ‘मुकाट्याने याच आकारात बसव’ असा हुकूम. म्हणजे मी ताणायला सांगतोय की काय? थोडंसं, हो. टेपने मोजताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. लॅपटॉपचं गणित अगदी काटेकोर केलं तर उंची ११६४ नाही, ११६१ यायला हवी. ते तीन पिक्सेल जिरवायला हा उद्गारवाचक आहे. तीनाच्या जागी तीस-चाळीस निघाले तर मात्र समजा की चौकटीसकट मोजलंय. टेप परत लावा.

तुकडे लावणं सोपं आहे. Settings मध्ये Personalization, त्यात Background. तिन्ही फोटो एकेकदा निवडून घ्या म्हणजे ते अलीकडच्या चित्रांच्या ओळीत येतील. मग प्रत्येकावर राइट क्लिक करून `Set for monitor` आणि त्या स्क्रीनचा नंबर. कोणती स्क्रीन कितव्या नंबरची हे Display मधलं `Identify` बटण सांगतं. फोटो बसवण्याची पद्धत `Fill` ठेवा. तुकडा स्क्रीनच्याच मापाचा असल्यामुळे विंडोजला मोठा-लहान करायला काही उरतच नाही. यातला एक फायदा मला फार आवडतो. आता Display मधले चौकोन माउसच्या सोयीने हवे तसे ठेवा, वॉलपेपर हलत नाही.

ज्या सिस्टिममध्ये प्रत्येक स्क्रीनला वेगळा फोटो देण्याची सोय नाही, तिथे तिन्ही तुकडे एका ओळीत चिकटवायचे आणि मग `Span` वापरायचं:

```
magick left.png middle.png right.png -background black +append span.png
```

ही फाइल बरोबर ५१२० बाय १०८० ची होते, म्हणजे विंडोजच्या त्या मोठ्या आयताएवढीच. अट एकच. Display मध्ये तिन्हींच्या वरच्या कडा एका रेषेत हव्यात. नाहीतर आयत बदलतो आणि सगळं गणित फसतं. आणि ज्यांना यातलं काहीच करायचं नाही त्यांच्यासाठी सुपरपेपर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. मॉनिटरची मापं आणि चौकटींची जाडी दिली की ते हेच गणित स्वतः करतं. पण टेप तिथेही लागतेच.

खरा फोटो लावण्याआधी एक चाचणी मात्र करा. जिंपमध्ये ७५७८ बाय २०६४ चं कोरं पान घ्या. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात एक जाड तिरकी रेषा ओढा, आणि दोन स्क्रीनच्या मधोमध येतील अशी दोन मोठी वर्तुळं काढा. या पानाचे तसेच तीन तुकडे करून लावा. आता एक दोरा घ्या, एक टोक मित्राच्या हातात द्या आणि तो तिन्ही स्क्रीनसमोर रेषेवर ताणून धरा. रेषा चौकटीमागे जाऊन पलीकडे दोऱ्याखालूनच निघाली पाहिजे. पलीकडे ती दोऱ्याला समांतर पण वर किंवा खाली निघाली, तर मधलं अंतर किंवा उंची चुकली. तिचा उतारच बदलला तर त्या स्क्रीनच्या लांबी-रुंदीत गोंधळ आहे. वर्तुळाची आडवी आणि उभी रुंदी टेपने सारखी भरली की काम झालं. मला पहिल्या खेपेला लॅपटॉपकडे रेषा दोऱ्याच्या जवळजवळ सेंटिमीटरभर वर दिसली. स्क्रीन मागे कललेली होती आणि मी तशीच मोजली होती.

लोणारचाच फोटो का, तर हौस हे एक कारण. दुसरं कारण कामाचं आहे. हे विवर साधारण १.८ किलोमीटर रुंद आणि गोल आहे. काठावर उभं राहिलं की समोरचा काठ आपल्या डोळ्यांच्याच उंचीला असतो, डावीकडचाही आणि उजवीकडचाही. त्यामुळे मोबाइल सरळ धरून फिरवला तर पॅनोरमात काठाची जवळपास सपाट रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत मिळते. अशी रेषा जरा मोडली तरी डोळ्याला लगेच कळतं. म्हणून जुळवणी नीट झाली की नाही हे सांगायला हा फोटो निर्दयी आहे. ढगांचा किंवा कापसाच्या शेताचा फोटो लावला तर चूक लपेल. ज्यांना लपवायचीच असेल त्यांनी खुशाल तो लावावा.

आता माझ्या पद्धतीचं वाईटही सांगतो. भिंतीच्या १२६.३ बाय ३४.४ या क्षेत्रफळातला तिन्ही खिडक्यांतून दिसणारा भाग शंभरात ७२ एवढाच आहे. उरलेला २८ चौकटींमागे, लॅपटॉपच्या वर आणि इतर स्क्रीनच्या खाली गडप. त्यात आधीच आभाळातून काढलेलं धरलं, तर `Span` ने उडवला होता तो यापेक्षा कमी. म्हणजे नुसता हिशोब केला तर मीच जास्त खाल्लं. तरी मित्र दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याला काही गेल्यासारखं वाटलं नाही. तो फक्त म्हणाला, ‘‘लॅपटॉपवर आभाळच नाही आलं, बे.’’

नाहीच येणार. काठाची रेषा वरून १४.८ सेंटिमीटरवर आहे आणि लॅपटॉप सुरूच होतो १५ वर. ती खिडकी खाली बसवली आहे, तिच्यातून पाणी आणि झाडीच दिसणार. आभाळ हवं असेल तर फोटोशी झटापट करू नका, लॅपटॉप उचला. खाली जाड पुस्तकं द्या, आठ सेंटिमीटर वर घ्या, वरून अंतर १५ ऐवजी ७ धरा. त्याने भिंतीची उंचीही कमी होते, ३४.४ ची २९.६, म्हणजे पॅनोरमा आणखी चपटा लागतो. आणि टायपिंगला वेगळा कीबोर्ड जोडावा लागतो. मी नाही जोडला. मला ती खालची खिडकी आवडायला लागली आहे.

आणखी दोन गोष्टी मापाने सुटत नाहीत. सगळं गणित स्क्रीन एका पातळीत आहेत असं धरून आहे. लॅपटॉप आपण सवयीने पुढे ओढून बसतो. तो मॉनिटरपेक्षा वीतभर पुढे असेल तर त्यातलं चित्र टेपने बरोबर असूनही डोळ्याला मोठं दिसतं. मागे सरकवा आणि स्क्रीन सरळ उभी करा, एवढाच उपाय. दुसरं म्हणजे रंग. जुन्या डब्याचं आभाळ आणि नव्या मॉनिटरचं आभाळ कधीच एक होत नाही. तिन्हींवर पांढरं पान उघडून उजेड तरी सारखा करून घ्या. सपाट निळ्या आभाळात फरक जास्त कळतो. झाडी, दगड, लाटा असतील तर डोळा माफ करतो.

लाइट गेली की मात्र वेगळीच गंमत होते. दोन्ही मॉनिटर बंद, लॅपटॉप बॅटरीवर चालू. उघडलेल्या सगळ्या विंडो धावत त्याच्यावर येतात. लाइट परत आली की कधी कधी मॉनिटरच्या नंबरांची अदलाबदल होते आणि डब्याचा तुकडा मधल्यावर जाऊन बसतो. तिन्ही फाइलना left, middle, right अशी नावं दिली आहेत ती यासाठीच. परत लावायला मिनिटभर पुरतं.

परवा मित्राला अल्बमच्या कामाला लॅपटॉप हवा होता. घेऊन गेला. माझ्या टेबलावर दोन खिडक्या उरल्या, आणि त्याच्या घरी तीन दिवस झाडीत उघडणारी एकच खिडकी होती. त्याच्या आईने विचारलं, हे कुठलं जंगल आहे, आणि वरचं कुठे गेलं. ‘‘वरचं रिठदातच राह्यलं,’’ असं सांगितलं म्हणे त्याने, बसला होता तोही रिठदातच.